ज्येष्ठांची शुगर किती असावी, आणि डॉक्टर ती थोडी वर का राहू देतात

"डॉक्टर, आईची उपाशीपोटीची शुगर बघा. दोन महिन्यांत एकदाही ९० च्या वर गेली नाही."

मुलाने वही माझ्यापुढे सरकवली. सुवाच्य अक्षरात तारखा आणि आकडे: ७८, ८४, ७२, ८८. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ६.३ टक्के. चाळिशीतल्या माणसाची ही वही असती तर मलाही आनंद झाला असता. पण आजींचं वय ७९, आणि त्याच वहीच्या समासात मुलाने बारीक अक्षरात तीन वेळा लिहिलं होतं, "पहाटे घाम, कपडे बदलले." शुगरच्या आकड्यांपेक्षा मला त्या तीन ओळींची काळजी वाटली.

मी एक गोळी बंद करायची म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. इतकी वर्षं पथ्य सांभाळून शुगर खाली आणली आणि आता डॉक्टरच ती वाढवायला निघाले, असं त्याला वाटलं. असं वाटणारी कुटुंबं मी वरचेवर पाहतो. म्हणून हा निर्णय कसा घेतला जातो आणि त्यात घरच्यांनी काय काय करायचं, ते या आजींच्याच उदाहरणावरून क्रमाने सांगतो. खाली दिलेले शुगरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले आहेत, म्हणजे ग्लुकोमीटरवर आणि रिपोर्टवर सहसा दिसतात तेच.

आधी कारण समजून घेऊ

वाढलेली शुगर डोळे, मूत्रपिंडं आणि नसांचं नुकसान करते, पण हळूहळू, वर्षानुवर्षं. शुगर काटेकोर ठेवल्याचा फायदाही तसाच उशिरा पदरात पडतो. त्याला साधारण आठ-दहा वर्षं लागतात. शुगर फार खाली गेली तर मात्र नुकसान त्याच रात्री होतं. माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं, हृदयाचे ठोके बिघडतात, मेंदूला इंधन मिळत नाही. पन्नाशीच्या माणसासाठी दूरचा फायदा मोठा असतो. ऐंशीच्या घरातल्या, इतर आजार असलेल्या माणसासाठी तोल दुसऱ्या बाजूला झुकतो.

२००८ साली हे ठळकपणे समोर आलं. अमेरिका आणि कॅनडात 'अॅकॉर्ड' नावाची मोठी चाचणी चालू होती. टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका असलेले दहा हजारांहून जास्त लोक तिच्यात होते. सरासरी वय ६२. अर्ध्या लोकांचं एचबीए१सी ६ टक्क्यांखाली आणण्याचा जोरदार प्रयत्न झाला. त्या गटात २५७ मृत्यू झाले, तर सैल लक्ष्य असलेल्या गटात २०३. चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण काटेकोर गटात सुमारे तिप्पट होतं. जास्तीचे मृत्यू नेमके कशामुळे झाले याचं एकच एक उत्तर निघालं नाही, पण 'जितकी कमी तितकी चांगली' हा समज तेव्हापासून टिकला नाही.

वय वाढल्यावर आणखी एक गोष्ट बदलते, आणि ती घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. तरुण माणसाची शुगर उतरायला लागली की मेंदू गोंधळण्याआधी शरीर इशारा देतं: हात थरथरतात, छातीत धडधडतं, भूक लागते. माणूस उठून काहीतरी खातो. म्हातारपणी हा इशारा उशिरा येतो, जवळजवळ मेंदू गोंधळण्याच्याच वेळेला. म्हणजे खायला हवं हे कळण्याआधीच ते कळण्याची शक्ती जाते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड आणखी झाकली जाते. घाम मात्र येतोच. आजींना मेटोप्रोलॉल चालू होती, म्हणून वहीत फक्त घाम होता.

पहिली पायरी: गोळ्यांची यादी काढा

सगळी पाकिटं टेबलावर ओता आणि प्रत्येकावरचं औषधाचं मूळ नाव वाचा. ते ब्रँडच्या नावाखाली लहान अक्षरात असतं. पाहायचं एवढंच, की हे औषध स्वतःच्या जोरावर शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं का.

अशी औषधं प्रामुख्याने दोन प्रकारची. एक, इन्सुलिन. दुसरी, सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या: ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. यातली ग्लिबेनक्लामाइड वयस्कर माणसासाठी सर्वांत वाईट, कारण शरीरात तिचे जे घटक बनतात तेही शुगर उतरवत राहतात आणि मूत्रपिंडं मंदावली की साचत जातात. रिपॅग्लिनाइडही शुगर उतरवू शकते, पण तिचा असर थोडा वेळच टिकतो.

मेटफॉर्मिन आणि सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन यांसारख्या 'ग्लिप्टिन' गोळ्या एकट्या असतील तर शुगर क्वचितच धोक्याइतकी खाली नेतात. बऱ्याच गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात, म्हणून मेटफॉर्मिन हा शब्द दिसला की थांबू नका, शेजारचं नावही वाचा. आजींच्या पाकिटावर तसंच होतं: मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड २, रोज दोन वेळा. "आईला फक्त मेटफॉर्मिन आहे," असं मुलगा मला सांगत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता.

यादीत शुगर धोक्याइतकी उतरवणारं एकही औषध नसेल आणि एचबीए१सी ६.५ आलं असेल, तर चिंतेचं कारण नाही. पुढचं सगळं मुख्यतः इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांसाठी आहे.

दुसरी पायरी: मूत्रपिंडाचा खरा आकडा बघा

आजींचं क्रिएटिनिन १.३ होतं. "थोडंसंच जास्त आहे," असं म्हणून ते घरात बाजूला ठेवलं गेलं होतं. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि वय झालेल्या कृश बाईचे स्नायूच कमी असतात. म्हणून मूत्रपिंडं बरीच थकलेली असली तरी तो आकडा साधा दिसतो. वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा अंदाज, बघायला हवा. आजींचा निघाला ४२ च्या आसपास. निरोगी तरुण माणसात तो ९० च्या वर असतो.

याचा शुगरशी थेट संबंध आहे. इन्सुलिन आणि अनेक गोळ्यांचा निचरा मूत्रपिंडांतून होतो. निचरा मंदावला की कालची गोळी आजच्या गोळीला येऊन मिळते, आणि पाच वर्षांपूर्वी बरोबर असलेला डोस काहीही न बदलता जास्त होतो. त्यातच वजन. वर्षभरात आजी ६२ किलोवरून ५३ वर आल्या होत्या आणि जेवण निम्म्यावर आलं होतं. गोळ्या मात्र ६२ किलोच्या बाईच्याच चालू होत्या.

तिसरी पायरी: माणूस कोणत्या गटात बसतो ते ठरवा

इथे वयापेक्षा प्रकृती मोठी. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत ज्येष्ठांचे ढोबळ तीन गट केले आहेत, आणि माझ्या मते घरच्यांनी विचार करायलाही ते सोयीचे आहेत.

पहिल्या गटातला माणूस धडधाकट असतो. आजार मोजके, स्मरणशक्ती शाबूत, स्वतःची औषधं आणि हिशेब स्वतः बघणारा. त्याचं एचबीए१सी ७ ते ७.५ च्या खाली, उपाशीपोटी ८० ते १३० आणि झोपताना ८० ते १८० चालतं. पंच्याहत्तरीतही रोज तासभर चालणारा माणूस या गटात येऊ शकतो. त्याची शुगर उगाच सैल सोडू नये.

दुसऱ्या गटात तीन किंवा जास्त जुने आजार असतात, किंवा औषधं, पैसे, स्वयंपाक, प्रवास अशा निदान दोन कामांत मदत लागते, किंवा विसरभोळेपणा सौम्य-मध्यम आजारापर्यंत पोचलेला असतो. इथे एचबीए१सी ८ च्या खाली पुरे. उपाशीपोटी ९० ते १५०, झोपताना १०० ते १८०.

तिसरा गट फार थकलेल्यांचा: शेवटच्या टप्प्यातला आजार, बराच पुढे गेलेला स्मृतिभ्रंश, किंवा अंघोळ-कपडे-शौच यांतही दुसऱ्याचा हात लागणारे. यांच्यासाठी एचबीए१सीच्या मागे लागूच नये असं त्या सूचना सांगतात. शुगर खाली जाणार नाही आणि वाढलेल्या शुगरचा त्रासही होणार नाही, एवढंच पाहायचं. उपाशीपोटी १०० ते १८०, झोपताना ११० ते २०० हा अंदाज धरतात.

आजींना रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार आणि सांधेदुखी. औषधं सून काढून देते, बँकेचं मुलगा बघतो. म्हणजे दुसरा गट. त्यांना ९० च्या वर असायला हवं होतं, आणि घर आनंद मानत होतं ते ९० च्या वर न गेल्याचा.

एचबीए१सीवर पूर्ण भिस्त का ठेवू नये, तेही इथेच सांगतो. ती सरासरी आहे. पहाटे ५० आणि जेवणानंतर २१० असली तरी सरासरी छान दिसते. आजींच्या ६.३ टक्क्यांचा अर्थ सुमारे १३४ ची सरासरी, पण त्यात पहाटेचे खड्डे दिसत नव्हते. शिवाय ॲनिमिया, मूत्रपिंडाचा आजार किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर हा आकडाच फसवा येतो.

चौथी पायरी: योग्य वेळी तपासा

सकाळची उपाशीपोटीची शुगर सगळेच बघतात. खड्डे बहुधा दुसऱ्या वेळी असतात: रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना, आणि पहाटे दोन ते चारच्या दरम्यान. शुगर खाली जात असल्याची शंका असेल तर आठवड्यात दोन-तीन पहाटे गजर लावून तपासा. समोर आकडा असेल तर डॉक्टरही त्याच दिवशी निर्णय घेऊ शकतात. दंडावर लावायचा सेन्सर परवडत असेल तर दोन आठवड्यांत सगळं चित्र दिसतं. ज्येष्ठांची शुगर ७० च्या खाली दिवसाच्या एक टक्क्याहून कमी वेळ, म्हणजे जेमतेम पाव तास जावी, असं मानतात.

बोट टोचण्याआधी हात पाण्याने धुऊन पुसा. बोटाला गोड काही लागलेलं असेल तर मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो आणि खरा खड्डा लपतो.

पाचवी पायरी: खाली गेलेली शुगर ओळखा

७० च्या खाली गेली की उपाय करायचा. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. आणि आकडा काहीही असो, माणसाला स्वतःला सावरता येत नसेल तर ती सर्वांत वाईट पायरी.

वयस्कर माणूस "मला घाबरल्यासारखं होतंय" असं म्हणेलच असं नाही. तो गप्प बसतो, चिडतो, तेच तेच विचारतो, बटण लावता लावता थांबतो, अडखळून पडतो. घरचे म्हणतात, आज जरा विसरायला होतंय. कधी बोलणं जड होतं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो आणि अर्धांगवायू वाटतो. म्हणून असं काही अचानक दिसलं की दवाखान्याच्या वाटेला लागताना शुगरही तपासा. रात्री ओला झालेला सदरा, सकाळी डोकं जड, भयंकर स्वप्नं ही रात्रीच्या खड्ड्याची चिन्हं. आजींच्या घरी एका पहाटे सून पाणी द्यायला गेली तेव्हा आजी पलंगाच्या कडेला बसून उशीचा अभ्रा काढत होत्या, पुन्हा घालत होत्या, पुन्हा काढत होत्या. त्यांनी सुनेला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. त्या दिवशी मात्र मीटर हाताशी होता. आकडा आला ४८.

सहावी पायरी: त्या क्षणी काय करायचं

माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम साखर द्यायची: तीन-चार सपाट चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून, नाहीतर साधारण अर्धा कप गोड फळांचा रस. चॉकलेट किंवा मिठाई देऊ नका; त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. वोग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर काम करत नाही, तिथे ग्लुकोजच लागतं. अशा घरात ग्लुकोजचा डबा भरलेला असायलाच हवा.

पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासा. सुनेने तसंच केलं. पंधरा मिनिटांनी ६४. पुन्हा तेवढंच पाणी. आणखी पंधरा मिनिटांनी ९२, आणि आजींनी सुनेला तिच्या नावाने हाक मारली. मग थोडं पोटभरीचं खायला दिलं, कारण साखरेचं पाणी तासाभरात संपतं.

इथे घरोघरी एक चूक होते: आकडा वर आला म्हणून सगळे झोपून जातात. सल्फोनिलयुरिया गोळीमुळे शुगर उतरली असेल आणि मूत्रपिंडं मंद असतील तर ती काही तासांनी पुन्हा उतरते, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा. म्हणून अशा माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा, तोवर दर तास-दोन तासांनी शुगर बघा, आणि गोळीचा पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आजींना मी चोवीस तास दवाखान्यात ठेवलं. दुपारी त्यांची शुगर पुन्हा ६१ वर आली होती.

माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका; साखर श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा. घरात शुगर वर आणणाऱ्या ग्लुकागॉनचं इंजेक्शन किंवा नाकातला फवारा असेल आणि तो द्यायचा कसा हे शिकून घेतलेलं असेल तर तो द्या.

सातवी पायरी: डॉक्टरांशी बोलताना

गोळी स्वतःहून बंद करू नका, आणि "शुगर वाढेल" या भीतीने कमी करायला नकारही देऊ नका. वही, पाकिटं आणि वजनाची नोंद घेऊन जा. सरळ विचारा: यातली कोणती गोळी शुगर खाली नेऊ शकते? ती अजून गरजेची आहे का? मूत्रपिंडाच्या आकड्याला हा डोस बरोबर आहे का? आमच्या माणसासाठी खालची आणि वरची मर्यादा कागदावर लिहून द्याल का? वरची सगळेच सांगतात. खालची मागून घ्या.

जेवण जात नसेल, उलट्या-जुलाब असतील, तपासणीसाठी उपाशी राहायचं असेल तर त्या दिवशी काय द्यायचं हे आधीच ठरवून ठेवा. इन्सुलिन कधी आणि किती कमी करायचं तेही लिहून घ्या; टाइप १ च्या रुग्णात ते पूर्ण थांबवणं जिवावर बेतू शकतं. नवीन औषध सुरू होताना मधुमेहाच्या गोळ्या दाखवा. लघवीच्या संसर्गासाठी दिली जाणारी को-ट्रायमॉक्साझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं सल्फोनिलयुरियाबरोबर शुगर झपकन उतरवू शकतात.

आजींची ग्लिमेपिराइड मी थांबवली. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा तेवढीच ठेवली, कारण ईजीएफआर ३० ते ४५ मध्ये असताना दिवसाला १००० हीच साधारण वरची हद्द. पुढे ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर तीही बंद. जोडीला लिनाग्लिप्टिन ५ दिली. तिचा डोस मूत्रपिंडासाठी बदलावा लागत नाही.

वर म्हणजे किती वर?

सैल म्हणजे मोकाट नव्हे. शुगर साधारण १८० च्या पुढे गेली की ती लघवीतून बाहेर पडू लागते आणि पाणी सोबत नेते. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, त्यामुळे ते पाणी भरून निघत नाही. रात्री चार वेळा उठणं, अंधारात पडणं, लघवीचा संसर्ग, न भरणारी जखम, वजन घटणं ही शुगर फार वर असल्याची चिन्हं. सतत २५० च्या वर राहिली तर डॉक्टरांना कळवा. ३००-४०० आणि सोबत गुंगी, कोरडी जीभ, लघवी कमी होणं असं दिसलं तर लगेच दवाखाना. शरीरातलं पाणी संपून माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

पहिल्या दोन आठवड्यांत आजींची उपाशीपोटीची शुगर १३५ च्या आसपास स्थिरावली. मुलाचा रोज सकाळी फोन यायचा, "डॉक्टर, वाढलीय." मी रोज विचारायचो, "पहाटे कपडे बदलावे लागले का?" तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.५ आलं, उपाशीपोटी ११८ ते १४२, वजन दीड किलो वाढलं. विसरणं थोडं राहिलं, पण पहाटेचं गोंधळणं थांबलं. वहीचा समास तीन महिने कोरा होता.

पुढची तपासणी आता सहा महिन्यांनी ठेवली आहे. मधे वजन तीन किलोंनी कमी झालं, जेवण घटलं, एखादं नवीन औषध आलं किंवा आजी पडल्या, तर तितकं न थांबता यायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर मी स्वतः लिहून दिलं. त्याच्या खाली दोन आकडे: ९० आणि १५०.